बीएमआयच्या सेंटाइल रेघा, कुटुंबाचा आरोग्य-इतिहास आणि लेखी समुपदेशन आराखडा : मुलांमधील लठ्ठपणाचे मूल्यमापन

मुलाचा बीएमआय काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे. त्या आकड्यावरून त्या मुलाच्या कुटुंबासाठी उपयोगी पडेल असा आराखडा तयार करणे हे खरे कौशल्याचे काम आहे, आणि ते करण्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात. मूल सेंटाइलच्या कोणत्या रेघेवरून कोणत्या रेघेवर आणि केव्हा गेले, हे पाहावे लागते. आणि त्याच्या घरात मधुमेह, हृदयविकार किंवा लठ्ठपणा कोणाला आणि कोणत्या वयात झाला, हेही विचारावे लागते. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे किती घाई करायची, कोणत्या तपासण्या करायच्या आणि घरच्यांशी कशाबद्दल बोलायचे हे ठरवता येते. बालरुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी आणि आहारतज्ज्ञांसाठी ही पद्धत इथे नऊ वर्षांच्या एका मुलाचे कल्पित उदाहरण घेऊन सविस्तर मांडली आहे.

मोजमाप आणि बीएमआय

वजन हलक्या कपड्यांत, बूट-मोजे काढून, शून्यावर आणलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर घ्यावे. उंची भिंतीला पक्क्या बसवलेल्या स्टेडिओमीटरवर मोजावी. टाचा, नितंब आणि पाठ मागे टेकलेली असावीत, आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड व कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत असावी. केस वर बांधलेले असतील तर ते सोडायला सांगावेत. उंची दोनदा मोजावी. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजावी. ही काळजी उंचीच्या बाबतीत जास्त घ्यावी लागते, कारण सूत्रात उंचीचा वर्ग होतो आणि तिच्यातली चूक त्याबरोबर वाढते.

```
बीएमआय = वजन (किलो) ÷ [उंची (मीटर) × उंची (मीटर)]
```

आपल्या उदाहरणातला मुलगा मोजमापाच्या दिवशी नेमका ९ वर्षे ० महिन्यांचा आहे. त्याचे वजन ४१.२ किलो आणि उंची १३८ सेंमी आहे. १.३८ चा वर्ग १.९०४, म्हणून त्याचा बीएमआय २१.६ येतो. हीच उंची बुटांसकट १४०.५ सेंमी लिहिली गेली असती, तर बीएमआय २०.९ आला असता. रेघेच्या आसपास असलेल्या मुलाचे वर्गीकरण एवढ्या फरकाने सहज बदलते.

वय मात्र पूर्ण वर्षे आणि पूर्ण महिने असे जन्मतारखेवरून काढावे. 'नववे चालू आहे' असे पालकांनी सांगितले म्हणून ९ लिहिले, तर मूल प्रत्यक्षात ८ वर्षे २ महिन्यांचे असू शकते आणि मग त्याची तुलना चुकीच्या रेघेशी होते.

कोणता तक्ता, कोणती रेघ

प्रौढांप्रमाणे मुलांना एकच सीमा लावता येत नाही, कारण बीएमआय वयाबरोबर बदलत जातो. बाळपणी तो वाढतो, पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि त्यानंतर पुन्हा चढतो. हा दुसरा चढ जितक्या लवकर सुरू होतो, तितकी पुढे लठ्ठपणाची शक्यता जास्त असते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १९ वर्षे वयासाठी २००७ साली जे संदर्भ-तक्ते दिले, त्यांत मध्यरेघेच्या वर +१, +२ आणि +३ प्रमाणित विचलनाच्या रेघा आहेत. +१ ची रेघ साधारण ८४ व्या आणि +२ ची साधारण ९८ व्या सेंटाइलशी जुळते. +१ च्या वर अतिरिक्त वजन आणि +२ च्या वर लठ्ठपणा मानला जातो. पाच वर्षांखालील मुलांना हे निकष लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी अतिरिक्त वजन +२ च्या वर आणि लठ्ठपणा +३ च्या वर मोजतात. अमेरिकेतल्या सीडीसीच्या तक्त्यात याच सीमा ८५ आणि ९५ सेंटाइलवर आहेत, आणि अनेक देशांचे स्वतःचे तक्ते आहेत. तक्ते एकमेकांत मिसळणे ही सर्रास होणारी चूक आहे. दहा वर्षांच्या मुलग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची +२ ची रेघ २१.४ वर आहे, तर सीडीसीचे ९५ वे सेंटाइल साधारण २२.१ वर. म्हणजे २१.७ बीएमआय असलेले मूल एका तक्त्यावर 'लठ्ठ' आणि दुसऱ्यावर 'अतिरिक्त वजन' या गटात बसते. म्हणून एका मुलासाठी शेवटपर्यंत एकच तक्ता वापरावा आणि त्याचे नाव नोंदीत लिहावे.

आपल्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता घेऊ. नऊ वर्षांच्या मुलग्यासाठी त्यात मध्यरेघ १६.०, +१ ची रेघ १७.९, +२ ची २०.५ आणि +३ ची २४.३ आहे. २१.६ म्हणजे +२ आणि +३ च्या मध्ये, अर्थात लठ्ठपणा. मात्र तो तीव्र नाही.

मागची मोजमापे शोधणे

आजच्या एका बिंदूवरून मूल कोणत्या दिशेने चालले आहे हे कळत नाही. त्यासाठी लसीकरणाचे कार्ड, शाळेतल्या आरोग्य तपासणीचा कागद किंवा जुन्या आजारपणातली चिठ्ठी शोधावी आणि प्रत्येक जुने मोजमाप त्याच तक्त्यावर मांडावे. या मुलाची दोन जुनी मोजमापे सापडली, असे धरू:

```
वय        उंची       वजन      बीएमआय   तक्त्यावरची जागा
६ वर्षे    ११८.५ सेंमी  २३.० किलो  १६.४    मध्यरेघ आणि +१ च्या मध्ये
७ वर्षे    १२५.० सेंमी  २८.५ किलो  १८.२    +१ आणि +२ च्या मध्ये
९ वर्षे    १३८.० सेंमी  ४१.२ किलो  २१.६    +२ आणि +३ च्या मध्ये
```

इथे वाचण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे मुलाने तीन वर्षांत दोन रेघा ओलांडल्या. या वयात वर्षाला सरासरी अडीच-तीन किलो वजन वाढते. याचे सात ते नऊ या दोन वर्षांत १२.७ किलो वाढले. सहाव्या वर्षानंतर घरात काय बदलले, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो, आणि समुपदेशनाची सुरुवात तिथूनच करायची असते.

दुसरी गोष्ट उंचीची. वजनाबरोबर उंचीही मध्यरेघेपासून वर सरकते आहे: सहाव्या वर्षी ती मध्यरेघेच्या थोडी वर होती, आज जवळजवळ +१ वर आहे. खाण्या-हालचालीतल्या असमतोलातून आलेल्या लठ्ठपणात बहुधा असेच दिसते, कारण जादा पोषणाने वाढही लवकर होते. याउलट वजन चढते आहे आणि उंचीची रेघ खाली झुकते आहे, असे दिसले तर थायरॉइडची कमतरता, शरीरातले जादा स्टिरॉइड किंवा वाढीच्या हार्मोनचा अभाव यांचा शोध घ्यायलाच हवा. माझ्या मते संपूर्ण तपासणीत सर्वांत जास्त माहिती देणारी पण सर्वांत कमी पाहिली जाणारी रेघ उंचीची आहे.

कुटुंबाचा इतिहास : तीन पिढ्यांची आकृती

'घरात कोणाला काही आजार?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे येते. त्याऐवजी कागदावर मुलगा, त्याची भावंडे, आईवडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांची आकृती काढावी आणि एकेका व्यक्तीबद्दल वेगवेगळे विचारावे. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, यकृतात चरबी, झोपेत श्वास अडकणे आणि हृदयविकाराचा झटका यांपैकी काय झाले आणि कोणत्या वयात, हे नोंदवावे. वयाला महत्त्व आहे: पुरुष नातेवाइकाला ५५ वर्षांपूर्वी किंवा स्त्री नातेवाइकाला ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असेल, तर तो 'अकाली' समजतात. आईला गरोदरपणात मधुमेह होता का, मुलाचे जन्मवजन किती होते, आणि मुलाला स्टिरॉइड, फिट्सची किंवा मानसिक आजाराची औषधे चालू आहेत का, हेही याच वेळी विचारावे.

आईवडिलांची उंची आणि वजन ऐकीव न घेता तिथेच मोजावे. या कुटुंबात वडील १६८ सेंमी व ९२ किलो आहेत, म्हणजे त्यांचा बीएमआय ३२.६, आई १५६ सेंमी व ७० किलो, बीएमआय २८.८. वडिलांना ३८ व्या वर्षी टाइप २ मधुमेह झाला. वडिलांच्या वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. आईला या मुलाच्या वेळी गरोदरपणातला मधुमेह होता आणि मुलाचे जन्मवजन ३.९ किलो होते. पाच वर्षांच्या बहिणीचे वजन सध्या तिच्या वयासाठीच्या मर्यादेत आहे.

पालकांच्या उंचीवरून मुलाची अपेक्षित प्रौढ उंची काढता येते. मुलग्यासाठी दोघांच्या उंचीत १३ सेंमी मिळवून त्याचे निम्मे करतात. इथे ती १६८.५ सेंमी येते, जी मध्यरेघेच्या बरीच खाली आहे. मुलगा मात्र आज मध्यरेघेच्या वर चालला आहे, म्हणजे तो त्याच्या कौटुंबिक उंचीपेक्षाही पुढे आहे. वाढ खुंटल्याची शंका इथे उरत नाही, म्हणून अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांसाठी रक्ततपासण्यांची मोठी यादी लिहिण्याचे कारणही राहत नाही. दोन साध्या मोजमापांमुळे मुलाचा आणि पालकांचा बराच त्रास वाचतो.

कुटुंबाचा इतिहास धोका किती आहे हेही सांगतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की आई किंवा वडील लठ्ठ असतील, तर दहा वर्षांखालील मूल आज लठ्ठ असो वा नसो, प्रौढपणी लठ्ठ होण्याचा त्याचा धोका दुपटीहून अधिक होतो. या कुटुंबातल्या पाच वर्षांच्या बहिणीकडे त्यामुळे दुर्लक्ष करून चालणार नाही, आणि आराखडा फक्त मुलाचा न करता घराचा करण्याचे वैद्यकीय कारणही हेच आहे.

तपासणी आणि चाचण्या

मानेच्या मागे व काखेत काळपट, मखमलीसारखी त्वचा आहे का, ते पाहावे. ते इन्सुलिनला होणाऱ्या प्रतिरोधाचे चिन्ह आहे. तो मळ समजून मूल अनेकदा घासून घासून त्वचा सोलून घेते, म्हणून ते धुऊन जाणारे नाही हे पालकांना सांगावे. रक्तदाबासाठी दंडाच्या घेराला पुरणारा पट्टा घ्यावा. छोट्या पट्ट्याने रक्तदाब खोटाच जास्त येतो. आलेला आकडा वय, लिंग आणि उंची यांनुसार असलेल्या तक्त्यावर पाहावा. घोरणे, झोपेत श्वास थांबणे, खूप तहान आणि वारंवार लघवी, तसेच शाळेतली चिडवाचिडवी यांबद्दल न चुकता विचारावे. लठ्ठ मूल लंगडत असेल किंवा मांडी-गुडघा दुखतो म्हणत असेल, तर मांडीच्या हाडाचे वरचे टोक सरकलेले असू शकते. अशा मुलाला चालू न देता त्याच दिवशी क्ष-किरण तपासणी व अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

मधुमेहाची चाचणी साधारणपणे दहाव्या वर्षी किंवा वयात येण्याच्या सुरुवातीला, यांतले जे आधी येईल तेव्हा सुरू करण्याची शिफारस आहे. हा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि अजून वयात आलेला नाही. तरी वडिलांचा मधुमेह, आईचा गरोदरपणातला मधुमेह आणि मानेवरची काळपट त्वचा एकत्र पाहता मी त्याची उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, चरबीचे प्रमाण आणि यकृतासाठी एएलटी या चाचण्या एकाच वेळी रक्त घेऊन आताच करीन. समजा, साखर आणि चरबी मर्यादेत आली आणि एएलटी ३८ आले. प्रयोगशाळेच्या कागदावर हा आकडा बहुधा 'नॉर्मल' छापून येतो, पण मुलग्यांसाठी सुमारे २६ आणि मुलींसाठी सुमारे २२ ही वरची मर्यादा धरतात. त्यामुळे हे वाढलेले आहे, असे लिहावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

ध्येय ठरवण्याआधीचे गणित

'वजन कमी करा' हे वाढत्या वयाच्या मुलासाठी बहुतेक वेळा चुकीचे उद्दिष्ट असते. हा मुलगा वर्षात साधारण साडेपाच सेंटिमीटर वाढेल आणि दहाव्या वर्षी १४३.५ सेंमी होईल. वजन ४१.२ किलोवरच राहिले तर त्याचा बीएमआय २०.० होईल. दोन किलो वाढून ४३.२ झाले तरी तो २१.० राहील. दहाव्या वर्षी +२ ची रेघ २१.४ वर आहे. म्हणजे एक किलोही न घटवता मूल लठ्ठपणाच्या रेघेखाली येते. हे गणित पालकांसमोर कागदावर करून दाखवावे. मुलाला उपाशी ठेवावे लागेल ही त्यांची भीती त्यामुळे जाते, आणि झटपट वजन उतरवण्याचे उपायही ते करत नाहीत.

कुटुंबाशी बोलणे

सुरुवात परवानगी मागून करावी: 'याच्या वाढीच्या तक्त्याबद्दल थोडे बोललो तर चालेल ना?' मुलासमोर 'लठ्ठ', 'जाडा' असे शब्द वापरू नयेत. 'वजन उंचीच्या पुढे चालले आहे' असे म्हणता येते. तक्ता पालकांच्या पुढ्यात ठेवून, 'हे पाहून तुम्हाला काय वाटते?' असे विचारून थांबावे. पहिले वाक्य त्यांना बोलू द्यावे.

या घरात आईने तक्त्यावरच्या सातव्या वर्षाच्या बिंदूवर बोट ठेवून सांगितले, 'तेव्हापासून माझी संध्याकाळची पाळी सुरू झाली. हा शाळेतून आला की आम्ही घरी पोचेपर्यंत तीन तास आजीबरोबर असतो. आजीला वाटते, पोरगं दमून आलंय, मागेल ते द्यावं.' आठवड्याच्या आहाराची लांबलचक प्रश्नावली भरून जे कळले नसते, ते या उत्तरात आहे. त्या तीन तासांत गोड पेये, टीव्हीसमोर चालू राहणारे खाणे आणि बाहेर न जाणे असे तिन्ही एकत्र घडते. म्हणून आजीला पुढच्या भेटीला बोलवावे, आणि तेही दोष देण्यासाठी नव्हे. मुलाबरोबर सर्वांत जास्त वेळ तीच असते, म्हणून.

उद्दिष्टे दोनच ठरवावीत आणि ती वागण्याची असावीत, किलोची नसावीत. प्रत्येक उद्दिष्ट ठरल्यावर विचारावे, 'हे जमेल याची खात्री शून्य ते दहात किती?' उत्तर सातपेक्षा कमी आले तर उद्दिष्ट लहान करावे. इथे वडिलांनी रोज एक तास मैदानावर नेण्याचे कबूल केले आणि खात्री मात्र चार सांगितली. ते बदलून 'आजीबरोबर आठवड्यात चार दिवस, अर्धा तास अंगणात खेळ' असे झाले आणि खात्री आठ झाली. रोज साठ मिनिटे दमवणारी हालचाल ही शिफारस आहे, पण शून्यावर असलेल्या घराला तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने जावे लागते. खाण्याबाबत कामाची विभागणी स्पष्ट करावी: काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, वाढलेल्यातले किती खायचे हे मुलाने. मुलाला वेगळे ताट आणि बहिणीला वेगळे, असे केले की मूल चोरून खायला लागते.

नोंद कशी लिहावी

नोंद अशी असावी की सहा आठवड्यांनी दुसऱ्याच डॉक्टरने ती उघडली तरी पुढचा प्रश्न काय विचारायचा हे त्याला कळावे. या मुलाची नोंद अशी होईल:

```
वय ९ वर्षे ० महिने. वजन ४१.२ किलो, उंची १३८.० सेंमी (दोनदा मोजली),
बीएमआय २१.६; जागतिक आरोग्य संघटना २००७ : +२ ते +३. लठ्ठपणा.
प्रवास : ६ वर्षे +१ खाली, ७ वर्षे +१ वर, ९ वर्षे +२ वर. उंची चढती.
कुटुंब : वडील टाइप २ मधुमेह (३८ व्या वर्षी); आजोबा (वडिलांचे वडील)
हृदयविकार ५२ व्या वर्षी; आई गरोदरपणातला मधुमेह. बहीण, ५ वर्षे : धोका.
तपासणी : मानेवर काळपट त्वचा. रक्तदाब उंचीनुसार मर्यादेत. एएलटी ३८.
कुटुंबाचे शब्द : "शाळेनंतरचे तीन तास हातात नाहीत."
ठरले १ : घरात गोड पेये आणायची नाहीत, कोणासाठीही नाही.
        जबाबदारी वडील. खात्री ९.
ठरले २ : आठवड्यात ४ दिवस ३० मिनिटे बाहेर खेळ. जबाबदारी आजी. खात्री ८.
ठरवले नाही (घर तयार नाही) : झोपायच्या खोलीतला टीव्ही.
मुलाला वजनाचे लक्ष्य सांगितलेले नाही. घरी वजन करायचे नाही.
पुढची भेट : ६ आठवडे, आजीसह. एएलटी ३ महिन्यांनी.
```

'ठरवले नाही' ही ओळ मुद्दाम ठेवावी. घराने आज जे नाकारले, तेच पुढच्या भेटीत नव्याने सुचवून सगळे पहिल्यापासून सुरू करण्याची वेळ तिच्यामुळे येत नाही. नोंदीची एक प्रत कुटुंबालाही द्यावी, पण त्यांच्या प्रतीत फक्त ठरलेल्या दोन गोष्टी, जबाबदारी आणि पुढची तारीख असावी.

पुढची भेट

काट्याकडे जाण्याआधी ठरलेल्या गोष्टींचे काय झाले ते विचारावे. सहा आठवड्यांत बीएमआय फारसा हलत नाही. सहा आठवड्यांत वजन ३०० ग्रॅम वाढले असेल आणि उंची अर्धा सेंटिमीटर, तर गाडी योग्य दिशेने आहे, कारण मागच्या दोन वर्षांच्या वेगाने तेच वजन साधारण पाऊण किलो वाढले असते. एखादे उद्दिष्ट फसले असेल तर कुठे फसले ते शोधावे. आजीचे गुडघे दुखतात म्हणून खेळ बंद पडला, तर शेजारच्या मुलांबरोबर पाठवणे किंवा दिवस कमी करणे असे बदल करावेत आणि नोंदीत जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहावी. जुनी खोडू नये. वजन वेगाने घटले, मूल जेवण टाळते किंवा उलटी काढते असे कळले, तर वजनाचा सगळा विषय बाजूला ठेवून खाण्याच्या विकारासाठी तपासणी करावी.

पहिल्या तीन महिन्यांत दर सहा आठवड्यांनी आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी भेट ठेवावी. बीएमआय +३ च्या वर गेला, पाच वर्षांच्या आत सुरू झालेल्या लठ्ठपणाबरोबर न आवरणारी भूक किंवा विकासात विलंब दिसला, उंची खुंटली, साखर किंवा रक्तदाब मर्यादेबाहेर गेला, अथवा एएलटी तीन महिन्यांनीही वाढलेलेच राहिले, तर मुलाला तज्ज्ञाकडे पाठवावे. पाठवताना तक्त्याची आणि तीन पिढ्यांच्या आकृतीची प्रत सोबत द्यावी, म्हणजे तिथे पहिली भेट मोजमापे व इतिहास पुन्हा गोळा करण्यात जाणार नाही.